रस्त्यावरच्या चित्रीकरणात वाटसरूंचे चेहरे झाकूनही मधल्या काही फ्रेम उघड्या राहतात, त्यावर उपाय हवा आहे

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार. गजबजलेल्या रस्त्यावरून चालताना हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेली ४० सेकंदांची एक सलग चित्रफीत प्रकाशित करायची आहे. आकार १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एकूण १२०० फ्रेम आहेत. एक बाई रस्त्यावरच्या रहदारीबद्दल बोलत आहेत. त्यांची लेखी संमती घेतलेली आहे आणि त्यांचा चेहरा दिसायलाच हवा. मात्र त्यांच्या मागून आणि शेजारून जाणाऱ्या कुणालाही काही विचारलेले नाही, त्यामुळे त्या सगळ्यांचे चेहरे झाकणे मला बंधनकारक वाटते.

सध्या प्रत्येक फ्रेममध्ये डिटेक्टर चेहरे शोधतो, `SORT` हा ट्रॅकर त्यांना क्रमांक देऊन पुढच्या फ्रेमशी जोडतो आणि त्या चौकोनावर ब्लर लागतो. चित्रफीत सलग पाहिली तर सगळे झाकलेले वाटते. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले, की माणूस खांबाआडून बाहेर येतो तिथे, मान वळवून पुन्हा समोर पाहतो तिथे आणि मी कॅमेरा झटकन फिरवला आहे तिथे दोन-चार फ्रेम चेहरा स्वच्छ दिसतो. एक फ्रेम पडद्यावर जेमतेम ३३ मिलिसेकंद टिकते, म्हणून ती डोळ्यांना जाणवत नाही. पण पाहणाऱ्याने नेमके तिथे थांबवून चित्र जतन केले, तर बाकीच्या फ्रेम झाकण्याला काही अर्थ उरत नाही. सगळ्या फ्रेमवर हाताने मास्क न काढता ही छिद्रे कशी बुजवावीत?

निरभ्र

माझ्या मते ट्रॅकरची गरजच नाही. डिटेक्टरचा उंबरठा ०.५ वर असेल, तर तो ०.१ वर आणा. मग चेहऱ्यासारखे जे जे दिसेल ते सगळे झाकले जाईल. भिंतीवरच्या एखाद्या चित्रावरही ब्लर बसेल, पण त्याने कुणाचे नुकसान होत नाही. चुकून जास्त झाकले गेले तर चालते, कमी झाकले गेलेले चालत नाही, एवढे सूत्र धरले की पुरे.

अनुरेखा

निरभ्र यांचे सूत्र बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अपुरा आहे. उंबरठा खाली आणल्याने डिटेक्टरला ज्याचा थोडा तरी संशय आला होता तेवढेच झाकले जाते. खांबाआड अर्धा दडलेला, पूर्ण बाजूला वळलेला किंवा कॅमेऱ्याच्या हालचालीने फराटल्यासारखा झालेला चेहरा डिटेक्टरला अनेकदा मुळीच दिसत नाही. त्याला ०.१ गुणही मिळत नाहीत. अशा फ्रेममध्ये चेहरा कुठे आहे, हे त्या फ्रेमवरून कळत नाही, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमवरून कळते. त्यासाठी ट्रॅकिंग लागते.

आता पायवाट यांच्या अडचणीकडे येते. `SORT` हा ट्रॅकर चित्र येईल तसे लगेच उत्तर देण्यासाठी लिहिलेला आहे, आणि खोटे माग निर्माण होऊ नयेत याची काळजी त्यात घेतलेली आहे. त्यात `min_hits` ची मूळ किंमत ३ असते. म्हणजे नवा चेहरा दिसला तरी पुढे लागोपाठ तीनदा जुळेपर्यंत ट्रॅकर त्याचा चौकोन बाहेर देतच नाही. डिटेक्टरला चेहरा सापडलेला असतो आणि तरीही तो उघडा राहतो. याहून वाईट म्हणजे, मध्ये एका फ्रेममध्ये जरी चेहरा हुकला, तरी ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, त्यामुळे एका चुकलेल्या फ्रेमची किंमत तीन-चार उघड्या फ्रेमनी मोजावी लागते. तुम्हाला मान वळवण्याच्या जागी जे दिसते आहे ते बहुतेक हेच असावे. पडताळणी सोपी आहे: डिटेक्टरचे कच्चे चौकोन आणि ट्रॅकरने दिलेले चौकोन वेगवेगळ्या रंगांत एकाच चित्रावर काढा. उघड्या फ्रेममध्ये पहिला रंग असेल आणि दुसरा नसेल, तर दोष ट्रॅकरच्या नियमाचा आहे.

`min_hits` शून्य केल्याने हा भाग सुटेल. `max_age` वाढवल्याने मात्र लोकांना वाटते तेवढा फायदा होत नाही. ते वाढवले की हरवलेला माग अधिक काळ जिवंत राहतो आणि माणूस पुन्हा दिसला की जुना क्रमांक मिळतो, हे खरे. पण मधल्या फ्रेमसाठी मूळ `SORT` चौकोन देत नाही. त्या फ्रेम नंतर स्वतंत्रपणे भरून काढाव्या लागतात.

पायवाट

दोन रंगांत काढून पाहिले. मान वळवण्याच्या जागी नेमके तुम्ही म्हणता तेच आहे, कच्चा चौकोन आहे आणि ट्रॅकरचा नाही. खांबाच्या जागी मात्र दोन्ही रंग नाहीत. एका माणसाचे आकडे देतो. फ्रेम ४१२ मध्ये त्याच्या चेहऱ्याचा मध्य डावीकडून ६२० पिक्सेलवर आहे, रुंदी ४४ पिक्सेल. त्यानंतर तो सापडतो थेट फ्रेम ४२१ मध्ये, ७०१ पिक्सेलवर. मधल्या आठ फ्रेमपैकी चार-पाचमध्ये खांबाच्या कडेने अर्धा चेहरा दिसतो आणि तो ओळखू येण्याइतका स्पष्ट आहे.

अनुरेखा

उदाहरण उत्तम आहे, त्यावरच करून पाहू. तुम्ही थेट प्रक्षेपण करत नाही, त्यामुळे नंतरच्या फ्रेमही तुमच्या हातात आहेत. म्हणून शोधणे आणि झाकणे एकाच फेरीत करू नका. पहिल्या फेरीत सगळे चौकोन फक्त फाइलमध्ये लिहून ठेवा, दुसऱ्या फेरीत ते जोडा, तिसरीत मधल्या जागा भरा आणि अगदी शेवटी चित्राला हात लावा.

फ्रेम ४१२ पासून ४२१ पर्यंत नऊ पावले आहेत आणि अंतर ८१ पिक्सेल, म्हणजे दर फ्रेमला ९ पिक्सेल. फ्रेम ४१६ मध्ये चेहरा ६२० अधिक ३६, म्हणजे ६५६ च्या आसपास असायला हवा. माणूस एकसारख्या वेगाने चालत असता आणि कॅमेरा स्थिर असता, तर एवढ्यावर भागले असते. चालत्या माणसाच्या हातातला कॅमेरा हिंदकळतो, त्यामुळे वेग बदलत राहतो. वेग दर फ्रेमला १ पिक्सेलने बदलत असेल, तर नऊ पावलांच्या खंडाच्या मध्याशी सरळ रेषेचा अंदाज सुमारे १० पिक्सेलने चुकतो. ४४ पिक्सेलच्या चेहऱ्यात १० पिक्सेल म्हणजे जवळजवळ पाव चेहरा उघडा. म्हणून खंडाच्या दोन्ही टोकांना मास्क मूळ आकाराचा ठेवायचा आणि मध्याकडे तेवढ्याच प्रमाणात फुगवत न्यायचा.

```python
def fill(a, b, acc=1.0):
    n = b[0] - a[0]
    for k in range(1, n):
        x, y, w, h = [a[i] + (b[i] - a[i]) * k / n for i in range(1, 5)]
        p = acc * k * (n - k) / 2
        yield a[0] + k, x - p, y - p, w + 2 * p, h + 2 * p
```

इथे `a` आणि `b` म्हणजे खंडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा चौकोन: फ्रेम क्रमांक, डावी बाजू, वरची बाजू, रुंदी, उंची. ही चूक खंडाच्या लांबीच्या वर्गाने वाढते. खंड दुप्पट झाला की चूक चौपट होते. ३० पावलांच्या खंडात हाच हिशेब ११२ पिक्सेलवर जातो आणि मास्क इतका फुगतो की निम्मा रस्ता झाकला जाईल. माझी मर्यादा साधारण १२ ते १५ फ्रेमची आहे. त्याहून मोठा खंड असेल, तर चेहऱ्याऐवजी पूर्ण माणूस शोधणारा डिटेक्टर चालवून त्याच्या चौकोनाचा वरचा भाग झाकते, कारण पाठमोरा किंवा वळलेला माणूस चेहरा म्हणून सापडला नाही तरी माणूस म्हणून बहुधा सापडतो. तेही जमले नाही, तर तेवढ्या फ्रेम हाताने करते.

मागाच्या टोकांकडेही पाहा. माणूस चित्राच्या कडेने आत येतो तेव्हा सुरुवातीला गालाचा आणि डोळ्याचा तुकडाच दिसतो आणि डिटेक्टर थोडा उशिरा जागा होतो. म्हणून प्रत्येक माग त्याच्या वेगानुसार १० फ्रेम मागे आणि १० फ्रेम पुढे वाढवावा. मास्क चित्राबाहेर गेला की थांबावे.

तिठा

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण धागा याच विषयावर आहे म्हणून विचारतो. दुचाकीच्या हँडलवर मोबाइल लावून घेतलेले चित्रीकरण आहे, १५ मिनिटांचे. सुरुवातीला मास्क चेहऱ्यावर अचूक बसतात. पुढे पुढे ते चेहऱ्याला सोडून भलतीकडेच दिसू लागतात आणि शेवटी तर माणूस निघून गेल्यावर त्याच्या जागी ब्लर उमटतो. मीही मागे आणि पुढे दहा-दहा फ्रेम वाढवू का?

अक्षांश

तिठा, त्याने काही होणार नाही. फरक सुरुवातीला शून्य असून हळूहळू वाढत जातो, हे लक्षण ट्रॅकिंगचे नव्हे, वेळेचे आहे. मोबाइल बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम-दराने चित्रीकरण करतात. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या कमी-अधिक होते. तुमचा प्रोग्रॅम चौकोन फ्रेम क्रमांकावर लिहितो आणि संपादनाचे सॉफ्टवेअर वेळेवर चालते, त्यामुळे दोघांची फारकत होत जाते. आधी हे तपासा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of csv=p=0 clip.mp4
```

दोन आकडे वेगळे आले, तर ट्रॅकिंगच्या आधीच चित्रफीत ठरावीक दराची करून घ्या आणि पुढचे सगळे काम त्या नव्या फाइलवरच करा:

```
ffmpeg -i clip.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy clip_cfr.mp4
```

पायवाट यांच्यासाठी एक प्रश्न. तुमचा डिटेक्टर चित्र किती आकारात पाहतो? अनेक डिटेक्टर आत घेतानाच चित्राची लांब बाजू ६४० पिक्सेलवर आणतात. १९२० चे ६४० झाले की ४४ पिक्सेलचा चेहरा १५ पिक्सेलचा होतो. प्रेक्षक मात्र ४४ पिक्सेलचाच चेहरा पाहणार आहे. निरभ्र यांनी सांगितल्याप्रमाणे उंबरठा कितीही खाली आणला, तरी १५ पिक्सेलमध्ये जे उरलेच नाही ते परत येत नाही. चित्राचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करून प्रत्येक तुकडा पूर्ण आकारात तपासला, तर वेळ कित्येक पट लागतो, पण दूरचे चेहरे सापडतात आणि अनुरेखा यांना जे खंड भरावे लागत आहेत त्यांतले बरेचसे पडणारच नाहीत.

मोरपीस

मला वाटते, सगळे ब्लर किती गडद आहे यावर अवलंबून आहे. मी जाड चौकोनांचा मोझेक वापरते. त्यातून कुणीही ओळखू येत नाही.

अक्षांश

पायवाट यांचा प्रश्न मास्क बसत नाही त्या फ्रेमबद्दल आहे, पण तुमचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. माणसाच्या डोळ्यांना न ओळखू येणे वेगळे आणि यंत्राला न ओळखू येणे वेगळे. मॅकफर्सन, शोक्री आणि श्मातिकोव्ह यांनी २०१६ मध्ये दाखवले, की मोझेक केलेल्या किंवा ब्लर केलेल्या चेहऱ्यांवर न्यूरल नेटवर्क शिकवले, तर ठरावीक ओळखीच्या माणसांपैकी हा कोण, हे ते सांगू शकते. चलचित्रात धोका वाढतो, कारण मोझेकची जाळी प्रत्येक फ्रेममध्ये चेहऱ्याच्या किंचित वेगळ्या जागी पडते आणि अनेक फ्रेम एकत्र पाहिल्या तर एका फ्रेमपेक्षा जास्त माहिती हाती येते. मी चौकोनाच्या आतले पिक्सेल पूर्ण टाकून देतो, त्या जागी भोवतालच्या रंगाचा सपाट थर भरतो आणि नंतर कडा मऊ करतो. दिसायला ते ब्लरसारखेच दिसते.

पायवाट

सपाट थराची कल्पना पटली, तसेच करतो. तुकडे करून तपासल्यावर खांबाजवळचा तो माणूस ४१८ पासूनच सापडू लागला, म्हणजे खंड नऊ पावलांवरून सहावर आला.

कॅमेरा फिरवल्याची जागा अजून सुटलेली नाही. तिथे प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा सापडतो, पण दर फ्रेमला त्याला नवा क्रमांक मिळतो. माग बनतच नाही, त्यामुळे एखादा चेहरा हुकला की भरायला अलीकडचे आणि पलीकडचे टोक नसते.

अनुरेखा

त्याचा हिशेब करून पाहा, म्हणजे कारण लगेच दिसेल. कॅमेरा चित्राच्या रुंदीइतका भाग दोन सेकंदांत फिरला, असे धरू. १९२० पिक्सेल, ६० फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला ३२ पिक्सेल. ४० पिक्सेल रुंदीचा चेहरा ३२ पिक्सेल सरकला, की जुन्या आणि नव्या चौकोनात फक्त ८ पिक्सेल सामाईक उरतात आणि दोघांनी मिळून व्यापलेली रुंदी ७२ होते. ८ भागिले ७२ म्हणजे ०.११. `SORT` ची जुळणीची मूळ अट ०.३ आहे. दोन्ही चौकोन एकाच माणसाचे आहेत हे त्याला पटत नाही. एरवी ट्रॅकर मागचा वेग पाहून पुढची जागा ताडतो, पण कॅमेरा झटक्याने फिरू लागतो तेव्हा मागचा वेग निरुपयोगी ठरतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे फक्त जुळणीपुरते चौकोन दुप्पट करावेत. मग रुंदी ८०, सामाईक ४८, एकूण ११२, आणि गुणोत्तर ०.४३ येते. अट पूर्ण होते. झाकताना अर्थात मूळ आकारच वापरायचा. अधिक नीट करायचे असेल, तर पार्श्वभूमीतल्या ठळक बिंदूंवरून दोन फ्रेममध्ये कॅमेरा किती सरकला ते काढून, जुने चौकोन आधी तेवढे सरकवून मग जुळवावेत.

दुप्पट चौकोनांनी गर्दीत शेजारच्या दोन माणसांचे क्रमांक कधीकधी बदलतील. सगळेच झाकायचे असतील तर त्याची फारशी चिंता नाही.

निरभ्र

पण इथे सगळे झाकायचे नाहीत. बोलणाऱ्या बाईंचा क्रमांक वगळायचा आहे. क्रमांकांची अदलाबदल झाली, तर बाईंचा चेहरा झाकला जाईल आणि समोरून जाणारा वाटसरू उघडा पडेल.

अनुरेखा

अगदी बरोबर, आणि या धाग्यातला सर्वांत धोक्याचा मुद्दा हाच आहे. म्हणूनच क्रमांक पाहून सूट देणे मला मुळीच मान्य नाही. सूट माणसाने हाताने द्यावी: अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत, चित्राच्या अमुक भागात. बाकी सगळीकडे झाकणे हाच मूळ नियम असावा, आणि सूट दिलेल्या चौकोनाला दुसरा कुठलाही चौकोन भिडला की तेवढ्या फ्रेममध्ये सूट रद्द व्हावी.

पायवाट

फ्रेम ६४० ते ६५५ मध्ये एक माणूस बाईंच्या अगदी समोरून जातो. या नियमाने तिथे अर्धा सेकंद बाईंचाही चेहरा झाकला जातो आणि वाक्याच्या मधोमध त्यांच्यावर पडदा पडल्यासारखे दिसते. त्यांनी स्वतःचे म्हणणे उघडपणे मांडायचे ठरवले आहे. त्यांचा चेहरा असा मध्येच झाकणे मला त्यांच्यावर अन्याय वाटतो.

अक्षांश

त्या १६ फ्रेम हाताने करा. वाटसरूच्या डोक्याभोवतीचा मास्क प्रत्येक फ्रेमला हाताने बसवायला फार वेळ लागत नाही. किंवा ध्वनी तसाच चालू ठेवून, त्या आधीपासून नंतरपर्यंत दोन सेकंद रस्त्याचे दुसरे दृश्य घाला.

अनुरेखा

दुसरे दृश्य घालण्याला माझा विरोध नाही, पण सलग चित्रफितीचा दावा करत असाल, तर तो मग सोडावा लागेल. हाताने मास्क बसवणेच मला योग्य वाटते.

तपासणीबद्दल राहिले होते. अंतिम फाइलवर डिटेक्टर चालवू नका, कारण मऊ ब्लरलाही तो कधीकधी चेहरा समजतो आणि यादी निरुपयोगी होते. त्याऐवजी तेच मास्क काळ्या ठोकळ्यांनी भरलेली वेगळी प्रत काढा आणि तिच्यावर, आधी वापरला नव्हता असा दुसरा डिटेक्टर, खालच्या उंबरठ्यावर आणि तुकडे करून चालवा. बाईंचा भाग सोडून त्यात जे काही सापडेल ते एकतर भिंतीवरचे चित्र असेल किंवा सुटलेला चेहरा. निरभ्र यांचा ०.१ चा उंबरठा इथे खरा कामाला येतो.

दोन्ही डिटेक्टर एकाच फ्रेममध्ये चुकू शकतात, म्हणून त्यावर विसंबून थांबू नये. प्रत्येक माग सुरू होतो, संपतो किंवा भरलेल्या खंडातून जातो, तिथल्या फ्रेम स्वतःच्या डोळ्यांनी एकेक करून पाहाव्यात. गळती बहुतेक याच जागी असते आणि १२०० पैकी थोड्याच फ्रेम पाहाव्या लागतात.

पायवाट

काळ्या ठोकळ्यांची प्रत करून तपासले. यादीत बरीच भिंतीवरची चित्रे आली आणि दोन खरे चेहरे सापडले. दोन्ही दुकानाच्या काचेतली प्रतिबिंबे होती. समोरून मास्क असलेल्या माणसाचा चेहरा शेजारच्या काचेत उघडा होता. ती प्रतिबिंबे हाताने झाकली आहेत. ६४० ते ६५५ या फ्रेमही हातानेच केल्या.

एक गोष्ट मात्र मला ठरवता येत नाही. खांबाजवळच्या त्या माणसाच्या अंगात ठळक अक्षरे छापलेला सदरा आहे. चेहरा पूर्ण झाकला, तरी त्याला रोज पाहणारा कुणीही सदऱ्यावरून आणि चालीवरून ओळखेल. तिथे काय करावे?

तिठा

मी तर पूर्ण माणूसच झाकला असता.

अक्षांश

प्रत्येक माणूस पूर्ण झाकला, तर रस्त्याच्या चित्रीकरणात रस्ताच उरत नाही. अक्षरे झाकावीत, चाल सोडून द्यावी, असे माझे मत आहे.

अनुरेखा

मी अक्षांश यांच्याशी पूर्ण सहमत नाही. बाई ज्या विषयावर बोलत आहेत त्यामुळे मागच्या माणसाला त्रास होऊ शकत असेल, तर मी पूर्ण आकृती झाकेन. रहदारीच्या विषयावर कदाचित अक्षरे झाकणे पुरेल. आकृती झाकायची असेल, तर माणूस शोधणाऱ्या डिटेक्टरचे चौकोन तुमच्याकडे आता आहेतच, त्यांच्यावरही खंड भरण्याची तीच पद्धत चालते. फक्त फुगवण्याचे प्रमाण कमी ठेवा, कारण तो चौकोन मुळातच मोठा असतो.

निरभ्र

तिठा, `ffprobe` चे दोन आकडे काय आले ते इथे लिहाल का? माझ्याही मोबाइलच्या चित्रफितीत शेवटाकडे तसाच फरक पडतो आहे.